मावशींचे दोन तास

मार्चमधला शेवटचा रविवार, संध्याकाळ. हजर: सासूबाई, नवरा, लेक, मी, आणि सदाशिव पेठेतून न बोलावता आलेली मोठी नणंद. गैरहजर: स्वयंपाकाच्या मावशी. विषय त्यांचाच होता.

प्रश्न असा होता. मी ज्या रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते, तिथल्या सकाळच्या इन्चार्ज सोडून चालल्या होत्या आणि डॉक्टरबाईंनी ती जागा मला देऊ केली होती. इतकी वर्षं मी दुपारची पाळी केली. रिपोर्ट छापा, पाकिटात घाला, लोकांची कुरकुर ऐका. सकाळची पाळी म्हणजे खरं काम. उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली माणसं सातला दारात उभी असतात, आणि कुणाचं काय, कुठल्या नळीत, कुठल्या क्रमाने, हे सगळं इन्चार्जच्या शब्दावर चालतं. ती जागा मला हवी होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आठवडाभर त्यांच्याबरोबर सकाळी या, शिकून घ्या, शनिवारी हो की नाही ते सांगा."

लॅब सदाशिव पेठेत, आम्ही मांजरीत. स्कूटरवर सहाला निघायला हवं. म्हणजे डबे कोण करणार?

"का? मावशी आहेत ना," लेक म्हणाली. ती कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिला घरातल्या गोष्टी अशाच अधूनमधून कळतात.

मावशी होत्या, पण त्या नऊला यायच्या आणि अकराला जायच्या. लेक साडेसातला जाते, नवरा खडकीच्या कारखान्यात आठच्या आत पोचतो. म्हणजे स्वयंपाकाच्या बाई येईपर्यंत आमच्या घरातला अर्धा स्वयंपाक मी करून, डब्यात भरून, घराबाहेर धाडलेला असायचा. मावशी उरलेला करायच्या: सासूबाईंचं दुपारचं ताट आणि रात्रीची भाजी. ही व्यवस्था मीच लावली होती, आणि ती किती वेडगळ आहे हे नवी जागा समोर आल्यावर मला दिसलं.

मावशींना मी आधीच विचारून ठेवलं होतं. "सकाळी लवकर न्हाई जमायचं, ताई. सकाळची घरं बांधलेली हायत," त्या म्हणाल्या. "पण सांजचं पाच ते सातचं एक घर सुटलंय. नऊच्या बदली तुमी घेता का? दोन दिवसांत सांगा, न्हाईतर बी विंगवाल्या टपून बसल्यात."

मी घेतलं. मग घरी सांगितलं.

"म्हणजे रात्रीची भाजी सकाळी डब्यात," सासूबाई म्हणाल्या. "आपल्याकडे शिळं खात नाहीत."

"आणि आईने दुपारी काय खायचं? संध्याकाळचं?" नणंद म्हणाली. "बरंय बाई. तुझी बढती, आणि उपास आमच्या घरच्यांना."

"वन्सं, बढती झाली की पेढे देईन. ते ताजे असतील."

नवरा म्हणाला, "आठवडाभर करून बघू." तो कुठल्याही भांडणात हे एकच वाक्य बोलतो. या वेळी ते माझ्या उपयोगाचं होतं. ठरलं असं की आठवडा जमला तर जागा घ्यायची. नाही जमला तर दुपारची पाळी आहेच, असं नणंद जाता जाता दोनदा म्हणाली.

सोमवारी पहिली चूक मीच केली. मी पदार्थांची यादी लावली ती आवडीनिवडीवरून. नवऱ्याला भेंडी, लेकीला बटाटा, सगळ्यांना पोळ्या. मावशींनी दोन तासांत सगळं करून ओट्यावर झाकून ठेवलं. मंगळवारी सकाळी भेंडी मऊ पडली होती आणि पोळ्या उचलल्या तर वाकत नव्हत्या.

"आई, ही पोळी आहे की फाइल?" लेक म्हणाली. तिने डबा नेलाच नाही. नवऱ्याने नेला आणि तसाच परत आणला.

त्याच दुपारी नणंदेचा फोन. "काय, कसं काय चाललंय तुमचं हॉटेल?"

"मेनू बदलतोय," मी म्हटलं, आणि खरोखरच बदलला. आवडीनिवडी काढून टाकल्या आणि एकच प्रश्न ठेवला: रात्रभर राहिलेलं काय चांगलं लागतं? मटकीची उसळ, छोले, वालाचं बिरडं, आमटी दुसऱ्या दिवशी अधिकच मुरतात. ते सगळे डब्यात. भेंडी, वांग्याचे काप, पालेभाजी रात्रीच्या ताटात, गरम गरम, आणि तिथेच संपवायची. फ्लॉवर, गवार नुसती चिरून ठेवायची. सकाळी फोडणी मी देणार, कारण फोडणीला मला माझ्या चहाहून जास्त वेळ लागत नाही.

पोळ्यांचं उत्तरही काढलं. मावशींना म्हटलं, रात्रीच्या पोळ्या नेहमीसारख्या करा, पण सकाळच्या अर्ध्याच भाजा. डाग पडायच्या आत, पांढऱ्या असतानाच तव्यावरून काढा. गार झाल्या की कापडात गुंडाळून, डब्यात घालून फ्रिजमध्ये. सकाळी तवा तापवून, तेलाचं बोट लावून पूर्ण भाजायच्या.

"भाजणार कोन?" मावशींनी विचारलं.

"साहेब."

मावशींनी हॉलमध्ये बसलेल्या साहेबांकडे एकदा पाहिलं आणि पुढची पोळी लाटायला घेतली. "मग चार जास्तीच्या करते," म्हणाल्या.

दोन तासांत हे बसवायचं तर निवडणं-सोलणं त्यात येऊन चालत नाही. मंगळवारी मेथी निवडण्यात मावशींचा इतका वेळ गेला की पोळ्यांना सात वाजून गेले आणि त्या शेवटच्या चार तशाच टाकून निघाल्या. म्हणून नियम केला: पाचच्या आत कडधान्य भिजलेलं, मेथी निवडलेली, लसूण सोललेला. मावशी आल्या की आधी कुकर, कुकर होतोय तोवर कणीक भिजवून झाकायची, मग भाज्या, आणि कणीक मुरली की शेवटी पोळ्या.

बुधवारी नवऱ्याने तीन पोळ्या जाळल्या. गुरुवारी एकही नाही. नणंदेला हे कळलं तेव्हा ती फोनवर म्हणाली, "माझ्या भावाला तव्यासमोर उभं केलंस."

"हो. बसून भाजता येत नाहीत."

तिने भावाचा विषय सोडला. मग म्हणाली, "आणि आई दोन दिवस उपाशी आहे, ते दिसलं का तुला?"

ते मला दिसलं नव्हतं. गुरुवारी घरी आले तेव्हा चार वाजायचे होते. सासूबाईंचं ताट टेबलावर मी ठेवलं तसंच होतं. उसळीवरची झाकणी हललेली नव्हती. लहान कुकरमध्ये तांदूळ धुऊन तयार ठेवले होते, फक्त गॅस लावायचा होता. तो लावलेला नव्हता. ओट्यावर केळ्याची साल आणि दुधाचं भांडं.

"आई, जेवला नाहीत?"

"भूक नव्हती."

"काल?"

"कालही नव्हती. तुझं ते शिळं मला नाही जात."

"मटकी रात्री तुम्हीच दोनदा मागून घेतलीत."

त्यांनी खिडकीकडे तोंड केलं. समोर नव्या इमारतीचं काम चालू आहे, बघण्यासारखं काही नाही. मी हात धुतले, कुकर लावला, आणि त्यांच्यासमोर बसले. लॅबमध्ये इतकी वर्षं सुईला घाबरणारी माणसं पाहिल्यावर एक कळतं: माणूस ज्याविषयी बोलतो त्यालाच घाबरलेला असतो असं नाही.

"शिळं हे कारण नाहीये," मी म्हटलं.

"नऊ वाजले की ती यायची," त्या म्हणाल्या. "मी इथे भाजी निवडत बसायची. तिच्या सुनेचं ऐकायची, तिचं ते दुसऱ्या घरातलं ऐकायची. ती पोळी तव्यावरून थेट ताटात टाकायची, मला म्हणायची, बसा आजी, गरम हाय तवर खा. आता तुम्ही सगळे जाता, आणि मी काय करायचं? डबा उघडून भिंतीकडे बघत जेवू?"

मला वाईट वाटलं. जागा सोडण्याइतकं वाटलं नाही, आणि तसं मी त्यांना सांगितलंही.

"आई, ही जागा मी घेणार आहे. वन्सं काहीही म्हणोत. पण मावशी पाचला येतात आणि मला मेथी निवडायला माणूस हवंय. तुम्ही पाचच्या आधीपासून बसा, मावशी आल्या की गप्पा मारा. रात्रीची पोळी त्या तव्यावरून थेट तुमच्या ताटात टाकतील. साडेसहाला जेवा, डॉक्टरही लवकर जेवा म्हणतात."

"साडेसहाला माझी मालिका असते."

"ती दुसऱ्या दिवशी सकाळी परत लागते. नऊलाच."

"तुला कसं माहीत?"

"बघून ठेवलंय."

भात झाला, तेव्हा त्यांनी उसळीबरोबर थोडा खाल्ला आणि मीठ कमी आहे म्हणाल्या. मीठ बरोबर होतं.

शुक्रवारी मी आले तेव्हा टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं होतं आणि सासूबाई मेथीच्या काड्या एका बाजूला, पानं एका बाजूला करत बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मावशी आल्यावर मात्र पहिल्याच वाक्यात म्हणाल्या, "पाच दिवसांचं ऐकायचं राहिलंय. तुझी सून माहेरून आली का?" मावशी कुकर लावता लावता सुरू झाल्या. त्या दिवशी पोळ्या सातच्या आत झाल्या, मेथी निवडण्यात मावशींचं एक मिनिटही गेलं नाही, आणि सासूबाईंनी रात्रीचं जेवण पावणेसातला संपवलं. दुपारचं ताट मात्र अर्धंच गेलं होतं. दुपार अजून त्यांची एकटीचीच आहे. ते मी सोडवलेलं नाही, आणि सोडवलं असं म्हणणार नाही.

शनिवारी मी डॉक्टरबाईंना हो म्हटलं. त्यांनी विचारलं, "घरी विचारलंत?" मी म्हटलं, "सांगितलंय."

नणंदेलाही मीच फोन करून कळवलं. "म्हणजे आईला अर्धं ताट," ती म्हणाली.

"हो, दुपारी अर्धं. तुम्ही लॅबपासून दोन गल्ल्यांवर राहता, वन्सं. आठवड्यातून एकदा दुपारच्या आत बसने या, मुक्काम करा, सकाळी मी स्कूटरवर परत सोडते. आईंबरोबर जेवा. उसळ मुरलेली असेल."

"मला सवड आहे का बघते."

"बघा."

अजून तिने काही कळवलेलं नाही. सोमवार ते रविवारचा तक्ता फ्रिजवर लागला आहे: संध्याकाळी काय, डब्यात काय, सकाळी फोडणी कशाची, तव्यावर कोण. रविवारी मावशींना सुट्टी असते. लॅब मात्र रविवारीही दुपारपर्यंत उघडी असते आणि आता तिथे मी असणार. रविवारच्या चौकोनात कुणाचंच नाव नाही. काल नवऱ्याने तिथे पेन टेकवलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "इथे काय लिहू?"

"स्वतःला विचार," मी म्हटलं. पेन त्याने परत ठेवलं. चौकोन रिकामा आहे, आणि तो मी भरणार नाही.