यादीतली चौथी पायरी

रुग्णालयाच्या पॅथॉलॉजीत संगणकाचं काम बघते त्याला आता बरीच वर्षं झाली. घरच्या किराणापासून सर्व्हरच्या बॅकअपपर्यंत माझ्याकडे सगळ्याची यादी असते. एकाच यादीची मला लाज वाटते.

दर महिन्याच्या एक तारखेला नव्वद दिवसांहून जुने रिपोर्ट संगणकातल्या मुख्य तक्त्यातून जुन्या तक्त्यात हलवावे लागत, नाहीतर काउंटरवर नाव शोधताना पडदा अडकून बसायचा. हे काम कंत्राटावरचे ऑपरेटर मामा हाताने करत. उजनी धरणाच्या फुगवट्याकाठच्या गावातले, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. बॅकअप घ्यायचा, ओळी कॉपी करायच्या, मोजायच्या, मग काढायच्या. तीन तास जायचे.

एका महिन्यात त्यांनी काढून टाकायची आज्ञा चालवताना माउसने तिची फक्त पहिली ओळ निवडली. तारखेची अट खालच्या ओळीत होती, ती निवडलीच गेली नाही. सगळा तक्ता रिकामा झाला. बॅकअपवरून आम्ही तो दुपारपर्यंत परत आणला. पण आमच्या विभागाच्या साहेबांनी सगळ्यांसमोर त्यांना विचारलं, वाचता येतं का म्हणून.

मी ठरवलं, हे काम त्यांच्या हातून काढून संगणकाकडे द्यायचं. त्यांच्यासाठीच, असं मी स्वतःला सांगितलं.

त्यांना शेजारी बसवून पायऱ्या लिहून घेतल्या. चौथीला ते म्हणाले, हलवायच्या आधी मी न नेलेले रिपोर्ट बघतो, त्या लोकांना फोन लावतो, येतो म्हणाले तर ती ओळ तशीच ठेवतो. मी पेन थांबवलं. हे काही तांत्रिक काम नाही, म्हटलं.

"ते मशीनला न्हाय जमायचं, मॅडम," ते म्हणाले. "पण ऊसतोड सुरू झाली की लोकं सोलापूरला येतच न्हाईत. फोन केला तरच येतेत."

मी चौथी पायरी खोडली.

हे सगळं आपोआप करणारी प्रोसिजर मी चांगली लिहिली, आजही तसंच म्हणेन. कॉपी आणि डिलीट एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे झाली तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. जेवढ्या ओळी कॉपी झाल्या तेवढ्याच काढल्या गेल्या का ते तपासायचं, आकडा जुळला नाही तर मुद्दाम एरर उठवायची. कुठेही चूक झाली तर आधी सगळं मागे फिरवायचं, मग त्या चुकीची नोंद लॉगमध्ये करायची, आणि तीच एरर पुन्हा वर फेकायची. ती गिळली तर ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या शेड्यूलरला काम यशस्वी झालं असं वाटतं आणि मला मेल येत नाही. चाचणीत मी मुद्दाम जुन्या तक्त्यातला एक रकाना लहान केला. एरर आली, एकही ओळ हलली नाही, मेल आला. रकाना पूर्ववत केला आणि दर एक तारखेला सकाळी सहाची वेळ लावली.

पहिल्या महिन्यात चार मिनिटं लागली. साहेब खूश झाले. पुढच्या महिन्यात मामांच्या कंत्राटाची मुदत संपली आणि ते वाढवलं गेलं नाही. जाताना त्यांनी टेबलाचा खण पुसून किल्ली माझ्याकडे दिली. "चालतंय की," एवढंच म्हणाले. मी साहेबांकडे गेले नाही. जायला हवं होतं.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी त्यांच्याच भागातली एक बाई काउंटरवर आली. मानेवरच्या गाठीचा रिपोर्ट राहिला होता. केळीच्या बागेतल्या कामामुळे येणं झालं नव्हतं. काउंटरवर फक्त मुख्य तक्ता दिसतो; तिथल्या मुलीने नाव शोधलं आणि नोंद नाही म्हणून परत पाठवलं. बाई आठवड्याने पुन्हा आली, तेव्हा कुणीतरी मला बोलावलं. जुन्या तक्त्यातून रिपोर्ट काढायला मला दोन मिनिटं लागली. डॉक्टरांनी तो वाचला आणि विचारलं, इतके दिवस कुठे होतात? बाई म्हणाली, मागल्या खेपेला सासूबाईंच्या रिपोर्टाला एका मामांचा फोन आला होता, औंदा आलाच न्हाय. तिचं पुढे काय झालं, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

मी त्या दिवशी साहेबांकडे गेले. मामांना परत घ्या, म्हटलं. त्यांनी लॉग उघडायला लावला. प्रत्येक ओळीपुढे 'यशस्वी' होतं.

"यात एरर कुठंय?" त्यांनी विचारलं.

ज्या चुका पकडायची सोय मी केली होती, त्यांतली एकही घडली नव्हती.

प्रोसिजर आता मी बदलली आहे. राखून ठेवायच्या रिपोर्टसाठी एक रकाना आहे आणि खूण असलेली ओळ हलत नाही. खुणा मीच करते. महिन्याच्या शेवटच्या दिवशी न नेलेल्या रिपोर्टची यादी काढते आणि फोन लावत बसते. तीन तास जातात. मामांना एकदा फोन करून हे सांगितलं. ते आता गावात कुणाच्या तरी मोटारपंपावर लक्ष ठेवतात. म्हणाले, दुपारी लावा मॅडम, सकाळी लोकं रानात असतेत.

तेही मी यादीत लिहून घेतलं.