चार थरांचा संशय

माझा स्वभाव संशयी आहे. आई म्हणायची, "सुनयनाले दूध देलं तं पयले त्यात पानी किती हाये ते पायते." मास्तरकीत हा स्वभाव कामाला येतो असं मला पंधरा वर्षं वाटत होतं. पोरं एकमेकांच्या वहीत डोकावतात, आईबाप खोटे आजार सांगतात, वरून आलेल्या कागदात चुका असतात. मी सगळं पकडायची. मग मनकर्णाबाईच्या वेळी माझी अक्कल कुठं चरायला गेली होती, कोण जाणे!

मनकर्णाबाई आमच्या शाळेत स्वयंपाक करते. बोथ मंडलात, म्हणजे तालुक्यात म्हणा, आमची मराठी माध्यमाची सरकारी शाळा, सातवीपर्यंत, पोरं सगळी मिळून साठ. बाई पंचावन्नची असेल. अंगानं काटकुळी, पण तांदळाचं पोतं एकटी ओढते. लग्न होऊन आली ती विहिरी खोदणाऱ्या टोळीत. नवरा भिवाजी खाली पहारीनं खोदायचा आणि ही भरलेली टोपली डोक्यावर घेऊन वर चढायची. गुडीहत्नूरपासून बोथपर्यंत हिनं किती विहिरी उपसल्या याचा हिशोब तिच्याजवळही नाही. भिवाजी तापानं गेला, तेव्हा ती शाळेत लागली. त्याला चौदा वर्षं झाली. तिची नात अर्पिता तेव्हा माझ्याच सातवीत होती, आईबाप नागपूरकडे कामाला, म्हणून आजीजवळ राहायची.

बाईचं तोंड मात्र फटकळ. वरणात मीठ कमी आहे म्हणालं की म्हणायची, "मॅडम, तुमच्या जिभेलेच जास्त सवय लागली." मला ते आवडायचं नाही. खरं सांगायचं तर संशयाच्या आधी राग होता.

झालं असं. पर्यावरणाची कृतिपत्रिका घ्यायची होती. पाण्याचं चक्र, खडकांचे प्रकार आणि मातीचे थर, असं तीन चित्रांचं पान. चित्रावर आकडे आणि प्रत्येक आकड्यापुढं एकदोन शब्दांत नाव लिहायचं. पाण्याच्या चक्राचे पाच, खडकांचे तीन, मातीचे चार, असे बारा गुण. आमचं राज्य तेलुगू, म्हणून असे कागद पहिले तेलुगूत येतात. मग आम्ही मराठीवाले मंडलच्या टायपिंगच्या दुकानात बसून मराठी पान करून घेतो, चित्रंसुद्धा नव्यानं काढून घेतो. उत्तरांचा कागद मात्र तेलुगूच राहतो. त्याचं मराठी कोण करत बसतो? आकडा बघायचा आणि तपासायचं, ही आमची रीत.

तो उत्तरांचा कागद दोन दिवस माझ्या पर्समध्ये होता, मग मी ऑफिसच्या कपाटात ठेवला. ऑफिस म्हणजे एकच खोली. एका भिंतीला हेडमास्तर माणिकरावांचं टेबल, दुसऱ्या भिंतीला तांदळाची पोती. खोलीची चावी माणिकरावांकडे एक आणि मनकर्णाबाईकडे एक, कारण ती सकाळी सगळ्यांच्या आधी येते. कपाटाला कुलूप नावापुरतं, ओढलं की उघडतं.

कृतिपत्रिका घेतली. शाळेत शेवटचा तास मोकळा होता, तेवढ्यात सगळे कागद मीच तपासले, आणि चित्र बघूनच उत्तरं कळत असल्यामुळं कपाट उघडायची गरजच पडली नाही. कोणाला पाच, कोणाला सहा. माझ्या स्वतःच्या लेकीला, प्रियदर्शनीला, आठ. ती याच वर्गात होती. पाणी आणि खडक सगळे बरोबर, मातीचे चारही थर चूक. मी चरफडले, म्हटलं घाई केली असेल कारटीनं. मग अर्पिताचा कागद हाती आला. बारापैकी बारा!

अर्पिता म्हणजे तीन गुण मिळाले तरी नाचणारी पोर. माझ्या कपाळाची शीर उडायला लागली.

कागद पुन्हा पुन्हा वाचला. बाष्पीभवन, सांद्रीभवन, पाऊस, वाहतं पाणी, जमिनीत मुरणं, सगळं जिथल्या तिथं. काळा बेसाल्ट अग्निज, चुनखडी स्तरित, संगमरवर रूपांतरित. मातीत सगळ्यात खाली मूळ खडक, त्याच्यावर 'मुरूम', मग खालची माती, मग वरची माती. पुस्तकात 'झिजलेला खडक' आहे, हिनं मुरूम लिहिलं. अर्थ तोच, म्हणून गुण द्यावा लागला. पण संशयी माणसाचं डोकं कसं चालतं बघा. मला वाटलं, चोरी पकडली जाऊ नये म्हणून मुद्दामच एक शब्द बदलला असेल! वा रे वा, बारा वर्षांची पोर आणि केवढी बेरकी!

दुसऱ्या दिवशी मी माणिकरावांना सांगितलं, "सर, उत्तरं फुटली. खोलीची चावी कोणाजवळ असते, तुम्हीच बघा."

माणिकराव सुपारी चघळत होते. मग म्हणाले, "मनकर्णाबाईले वाचता कुठं येते?"

"पोरीला तर येते. तेलुगूचा तास होतोच ना? बाई सकाळी खोली उघडते, पोरगी मागं मागं असते. अजून काय पुरावा पाहिजे?"

आठवडाभर मी बाईवर नजर ठेवली. ती पोत्याजवळ वाकली की मी दारात. ती कपाटाजवळून गेली तरी मला वाटायचं, हिची चाल आज वेगळी आहे. अर्पितानं वर्गात हात वर केला की मी तिच्याकडे बघायचीच नाही. गावात ही कुजबुज कोणी नेली? मीच. शेजारच्या कौशल्याबाईजवळ बोलले आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला झालं. शाळा समितीतले लोक म्हणायला लागले, असं असेल तर बाई बदला, दुसरी बाई तयार आहे.

शनिवारी दुपारी समिती बसली. सतरंजीवर सहा जण, टेबलामागं माणिकराव, बाजूच्या खुर्चीत मी, मांडीवर कागदांचा गठ्ठा, हातात एक कोरी कृतिपत्रिका. ठराव लिहूनच ठेवला होता, फक्त सह्या बाकी. मनकर्णाबाईला बोलावलं. ती हात पुसत आली आणि उभीच राहिली. मागं अर्पिता, डोळे सुजलेले.

माणिकरावांनी जमेल तेवढ्या सौम्यपणे सांगितलं. बाईनं सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळली.

"मॅडम, माह्या नातीनं चोरलं म्हनता. तुमी डोयानं पाह्यलं?"

"नाही. पण तिला एकदम एवढं कसं आलं?"

"काऊन नाई येनार? मागच्या महिन्यात पोरगी रडून राह्यली होती का मातीचे थर ध्यानात राहत नाई. मी तिले घेऊन गेली रामटेक्यांच्या वावरात. विहीर हाये तिथं आमच्या हातची, आतून न बांधलेली. म्हनलं, वाक अन् पाय. वर काळी माती, कपाशीची मुळं दिसते तिच्यात. तिच्याखाली चिकट, फिकट, मुळं नाई. मग मुरूम. टोपलीत खडखड वाजे तो, अन् पहार लागली का भुगा होये. अन् मंग काळा खडक. तिथं भिवाजीची पहार उडे. त्याच खडकाच्या फटीतून पानी आलं. मी डोक्यावर वाह्यलं ना सगळं ते! थर मले कोन शिकवते?"

समितीतले दोघं माना डोलवायला लागले. मला मात्र अजूनही वाटत होतं, बाई बोलण्यात हुशार आहे. मी म्हटलं, "आणि पाण्याचं चक्र? तेपण विहिरीत होतं का?"

"ते भाताच्या गंजावर होतं," ती म्हणाली. "वाफ वर जाते, झाकनाले थेंब धरते, झाकन उचललं का पडते. नावं तुमीच शिकवले, तुमच्याच वर्गात. तेवढं बी इसरले काय?"

एक जण फसकन हसला. मी चिडले. माणिकरावांना म्हटलं, "सर, कपाटातला कागद काढा. उत्तरं जुळवून बघू, सगळ्यांसमोर होऊन जाऊ द्या."

माणिकरावांनी कागद काढला आणि तेलुगू वाचून मराठीत सांगायला लागले. पाण्याचं जुळलं. खडकांचं जुळलं. मग म्हणाले, "मातीचे थर. एक, वरची माती. दोन, खालची माती. तीन, झिजलेला खडक. चार, मूळ खडक."

मनकर्णाबाई माझ्या हातातल्या कोऱ्या कृतिपत्रिकेवर वाकली. तिला अक्षरं येत नाहीत, आकडे येतात. चित्रावर बोट ठेवून म्हणाली, "बापा! एक नंबर तं सगळ्यात खालती हाये. वरची माती खालती अन् खडक वर? अशी विहीर मी तं जल्मात नाई पाह्यली."

मी बघितलं. खरंच. तेलुगू पानात आकडे वरून खाली होते. मराठी चित्र नव्यानं काढताना दुकानातल्या पोरीनं ते खालून वर टाकले होते आणि मी तिच्या शेजारी बसूनही बघितलं नव्हतं. या कागदावरून जो कोणी उतरवेल, त्याचे चारही थर उलटे येतील. अर्पिताचे सरळ होते.

"म्हणजे पोरीनं हा कागद पाह्यलाच नाही," माणिकराव हळूच म्हणाले. मग त्यांच्याही डोक्यात किडा वळवळला. "पन मॅडम, उलटे थर कोनाचे आले हायेत का?"

गठ्ठा माझ्याच मांडीवर होता. बाकी पोरांनी चुका केल्या होत्या त्या आपापल्या, एकाचं एक दुसऱ्याचं दुसरं. अगदी कागदाबरहुकूम उलटे थर आणि बाकी सगळं बरोबर, असा एकच कागद होता, आणि तो गठ्ठ्यात वरून तिसरा होता. दोन दिवस तो उत्तरांचा कागद माझ्या पर्समध्ये होता आणि पर्स घरात खुंटीला. मी म्हटलं असतं की नाही, कोणाचे नाहीत, तर कोणी गठ्ठा उघडून बघणार नव्हतं. मला तसं म्हणावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू!

समोर अर्पिता उभी होती. आठ दिवस मी तिच्याकडे बघितलं नव्हतं. तेव्हा बघितलं.

"माझ्या प्रियदर्शनीचे," मी म्हटलं आणि कागद काढून टेबलावर ठेवला. "कागद माझ्या घरी होता. चोरी झाली ती माझ्या घरात."

माणिकरावांनी ठरावाचा कागद फाडला. मी उठून मनकर्णाबाईपुढं हात जोडले. रडू येत होतं आणि लाजही वाटत होती. "बाई, चुकलं माझं. लई चुकलं."

ती म्हणाली, "पोरीले मारू नका. धाकानं केलं असन तिनं, तुमची लेक म्हनून." मग कमरेची चावी सोडली आणि माझ्या हातात दिली. "अन् हे घ्या. सैपाक मी करीन. पन या खोलीत एकटीनं पाय ठेवनार नाई. रोज तुमी या, दार उघडा, अन् मी तांदूळ काढतो तवरी उभ्या राहा."

माणिकरावांनी समजावलं, समितीनं समजावलं, मी तर पाया पडायला निघाले होते. ती ऐकत नाही. दोन वर्षं झाली. अर्पिता आता हायस्कूलला गेली, प्रियदर्शनीही गेली. मी रोज साडेआठला शाळेत येते आणि दार उघडते. मनकर्णाबाई तांदूळ काढते, टोपलं माझ्यापुढं धरते आणि म्हणते, "पाहून घ्या, मॅडम." मी पाहते.