वाटाण्याच्या अक्षता, शब्दशः

भंडारा जिल्ह्यातल्या एका वसतिगृहातल्या बासष्ट मुलींची तक्रार माझ्यामुळे बंद झाली. मी काही दुष्ट माणूस नाही, फक्त माझ्याकडे नवा फोन होता.

आमचं कार्यालय राजधानीतल्या कोपर्निकस मार्गापासून पायी दहा मिनिटांवर. देशभरातल्या वसतिगृहांच्या तक्रारी तिथे येतात. मराठी कागद आला की तो श्रावस्ती रामटेके यांच्या टेबलावर जातो. त्या आमच्या मराठी अनुवादक, मूळच्या पवनीच्या. पण त्या आठवड्यात त्या रजेवर होत्या आणि कागद माझ्याकडे आला. तक्रारीसोबत वर्तमानपत्राच्या कात्रणाचा फोटो होता, कडेला घडी पडलेला. मला मराठी येतं, पण वाचायचे कष्ट न घेता मी त्यावर फोन धरला. फोनने हिंदी दिलं, मी तेही न वाचता छापलं आणि फाइलला लावलं.

कात्रणात लिहिलं होतं की वसतिगृहाला चार महिने पाणी नाही. ठेकेदाराने मुलींच्या तोंडाला पानं पुसली, गृहपालांनी कानाडोळा केला आणि विभागीय अधिकाऱ्यांनी भेटायला गेलेल्या मुलींना वाटाण्याच्या अक्षता लावल्या. फोनच्या हिंदीत अधिकाऱ्यांनी मुलींना मटारचे अक्षत लावले, ठेकेदाराने पानांनी त्यांची तोंडं पुसली. शेजारच्या स्तंभातली मंगल कार्यालयाची जाहिरातही फोनने त्यातच ओवली, त्यामुळे एकूण वातावरण फार शुभ झालं.

आमचे विभागप्रमुख दीनानाथजी मूळचे कानपूरचे. ते वाचून त्यांना महाराष्ट्राबद्दल आदर वाटला. त्यांनी शेरा मारला: ‘छात्राओं का पारंपरिक रीति से स्वागत हुआ। शिकायत निराधार। बंद करें।’

श्रावस्तीताई मंगळवारी परतल्या आणि फाइल पाहून हसल्या. त्या हसल्या की मला भीती वाटते.

कारण जुनं होतं. दोन वर्षांपूर्वी दीनानाथजींनी लेखी आदेश काढला होता: अनुवाद शब्दाला शब्द असावा, अनुवादकाने स्वतःची अक्कल वापरू नये. ताईंच्या वार्षिक अहवालातही त्यांनी लिहिलं की या बाई मनाचं घालतात. त्या एका ओळीपायी ताईंची बढती अडकली. आदेशाची प्रत त्यांनी ड्रॉवरमध्ये जपून ठेवली होती, लोक लग्नपत्रिका ठेवतात तशी.

“ताई, दीनानाथजींना आत्ताच सांगू या,” मी म्हणालो.

“शुक्रवारपर्यंत फाइल हलत नाही,” त्या म्हणाल्या. “मुलींचं तोवर काही बिघडत नाही. तुम्ही चहा घ्या.”

खरंच होतं ते. बंद केलेल्या तक्रारींवर शुक्रवारच्या बैठकीत सहसचिव मॅडम शेवटची सही करत. तोवर ताईंनी तक्रार करणाऱ्या मुलीला फोन करून पूर्ण पानाचा सपाट फोटो मागवला, वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख दिसेल असा. घडीखाली गेलेली ओळ त्यावरून लावली. जे अक्षर त्यातही लागलं नाही तिथे ‘अवाच्य’ लिहिलं, अंदाज केला नाही. मग दोन रकाने केले. डावीकडे ‘शब्दशः, आदेशानुसार’. उजवीकडे ‘अर्थ’: ठेकेदाराने मुलींना फसवलं, गृहपालांनी जाणूनबुजून दुर्लक्ष केलं, अधिकाऱ्यांनी मागणी साफ धुडकावली. आदेशाची प्रत मागे टाचली, अनुवाद खरा असल्याची सही केली आणि कागद थेट बैठकीच्या फाइलमध्ये ठेवला.

शुक्रवारी मॅडमनी डावा रकाना मोठ्याने वाचला. मग उजवा. मग दीनानाथजींचा शेरा. शेवटी आदेश, तारखेसकट.

“दीनानाथजी, ये मटर का स्वागत आपने कहाँ देखा है?”

दीनानाथजींनी माझ्याकडे पाहिलं. मी फोनकडे पाहिलं. श्रावस्तीताई खिडकीबाहेर कडुनिंब बघत होत्या, अगदी निवांत, जणू या कागदाशी त्यांचा काही संबंधच नाही. बैठकीत आणखी अकरा माणसं होती आणि अकराही हसू दाबत होती.

तक्रार तिथल्या तिथे पुन्हा उघडली. टँकर सोमवारी आणि अहवाल पंधरा दिवसांत, असं पत्र दीनानाथजींनी स्वतःच्या हाताने लिहायचं ठरलं. आदेश रद्द झाला. रद्द करण्याचा कागद टाईप करायचं काम, माझी शिक्षा म्हणून, मला मिळालं. ताईंच्या वार्षिक अहवालातली ती ओळही फेरविचारासाठी मॅडमनी मागवली.

दुपारी कॅन्टीनमध्ये दीनानाथजी एकटेच बसले होते, समोरचं मटर पनीर न खाता. मला वाईट वाटलं, आणि त्यातला अर्धा दोष माझ्या फोनचा होता. मी ताईंना हळूच म्हणालो, “मंगळवारीच सांगितलं असतं, तर बिचाऱ्याची चारचौघांत एवढी शोभा झाली नसती.”

ताईंनी पोळीचा तुकडा मोडला. “म्हणूनच नाही सांगितलं.”