शेजारच्या वॉर्डात

येडशीच्या चारुशीला सिस्टर एका खासगी रुग्णालयात वरच्या मजल्यावरचा वॉर्ड सांभाळत. एका दुपारी तिथल्या एसीनं पेट घेतला आणि धूर पसरू लागला. अंथरुणाला खिळलेल्या, ऑक्सिजनवर असलेल्या धुरपदाबाईंना उचलून त्यांचा मुलगा युवराज जिन्याकडं निघाला.

“सिस्टर, म्या हिला खाली नेतो!”

“जिन्यात धूर कोंडलाय. खाली न्हाय, शेजारच्या वॉर्डात न्यायचं. मधला दरवाजा आग अडवतो.”

युवराजनं आईला परत पलंगावर ठेवलं. बाकीचे रुग्ण पलंगांसकट पलीकडं पोचले होते. ऑक्सिजन चालू राहिला तर आग भडकणार, बंद केला तर धुरपदाबाई घुसमटणार. सिस्टरांनी आधी बाईंची नळी छोट्या सिलिंडरला जोडली, मगच वॉर्डाच्या ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह बंद केला. बाईंच्या पलंगाचं चाक अडकलं, तेव्हा दोघांनी त्यांना गादीसकट फरशीवर उतरवलं आणि ओढत नेलं. दरवाजा घट्ट लावला.

आग विझली तेव्हा सगळे सुखरूप होते. युवराज पाया पडायला वाकला.

“राहू द्या हो, आईजवळ बसा,” एवढंच म्हणून सिस्टर दुसऱ्या रुग्णाचा मास्क नीट करायला गेल्या.