उतारावरचे म्हणून आलेले कोअर

राज्याचे दोन तुकडे झाले तेव्हा आमच्या ऑफिसात कामापेक्षा याद्यांचीच चर्चा जास्त: कोण ग्वाल्हेरला राहणार, कोण रायपूरला जाणार. माझ्या वरिष्ठांचं नाव रायपूरच्या यादीत आलं. ते ग्वाल्हेरच्या दाना ओली मोहल्ल्यात आमच्यापासून दोन घरं सोडून राहायचे, म्हणून ऑफिसातही मी त्यांना काकाच म्हणायची. मला इंजिनिअर होऊ द्या, असं माझ्या वडिलांच्या गळी उतरवणारे तेच.

जाण्याआधी त्यांना टेकडीच्या उतारावरचं शॉटक्रीट, म्हणजे फवारून बसवायचं काँक्रीट, संपवायचं होतं. खाली वस्ती होती, पावसात दगड सुटून घरांवर येत. गुणवत्ता आराखडा आम्ही दोघांनीच लिहिला होता. मिश्रण ठरलेलं, थराची जाडी शंभर मिलिमीटर, आणि फवारताना उडून खाली पडलेला माल, म्हणजे रिबाउंड, पुन्हा वापरायचा नाही. आधी उतारावर फवारणाऱ्या नोझलवाल्यानेच उभ्या प्लायवूडवर चाचणीचा थर, म्हणजे पॅनल, मारून दाखवायचा. मग प्रत्यक्ष उतारावरून कोअर, म्हणजे गोल नमुने, कापून जाडी आणि ताकद तपासायची.

मी आठवडाभर आजारी होते. परतले तेव्हा उतारावरचे कोअर प्रयोगशाळेत पोचलेले. ताकद इतकी छान की मी खूश व्हायला हवं होतं. पण मला संशय घ्यायची खोड आहे. चाचणीत तोडायचा राहिलेला एक कोअर मी उलटा धरला. उतारावरच्या कोअरच्या मागच्या टोकाला खडक चिकटून येतो, निदान ते टोक खडबडीत तरी असतं. हे टोक सपाट होतं आणि त्यावर लाकडाच्या रेघा उमटल्या होत्या. हा कोअर पॅनलमधला होता.

नोंदवहीत काकांच्या अक्षरात साक्षीदार म्हणून माझं नाव होतं, मी घरी तापाने पडले होते त्या तारखेला.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः उभी राहून उतारावर तीन ठिकाणी ड्रिल लावलं. साठ मिलिमीटर, पासष्ट, आणि तिसऱ्यात थराच्या पोटात रिबाउंडची सुटी खडी अडकलेली, बोटाने खरवडली तरी गळत होती. तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच तो सपाट टोकाचा कोअर घेऊन काकांच्या केबिनमध्ये गेले.

ते कपाट आवरत होते. कोअर बघून म्हणाले, "अगं, पॅनल पण आपलंच आहे ना बेटा. मी गेल्यावर नवा साहेब येऊन उगाच लफडा करेल. तू चिंता नको करू, सगळं पास आहे."

"खाली लोक राहतात, काका. आणि माझं नाव कशाला टाकलंत?"

"तुझ्यावर इथे कोणी शक नाही करत," ते म्हणाले. "म्हणूनच टाकलं."

हे त्यांनी कौतुक केल्यासारखं सांगितलं. त्या सुरात माझ्या वडिलांनाही ते माझ्याबद्दल कितीदा तरी बोलले असतील. मी वही ओढली, माझं नाव खोडलं, शेजारी 'त्या दिवशी हजर नव्हते' असं लिहून सही केली आणि उताराचं काम नामंजूर केलं. त्यांनी अडवलं नाही. फक्त म्हणाले, "घरी सांगू नकोस."

मी सांगितलं नाही. वडील त्यांना पोचवायला स्टेशनवर गेले, डोळे पुसत परत आले, आणि मला रागावले की मी का नाही आले.