रिकाम्या खळग्यांचा उजेड

२००४ सालच्या एप्रिलातला शेवटचा शनिवार, दुपारचे साडेतीन. पेशींचा प्रकाश मोजायच्या चाचणीचं किट साडेअठरा हजारांचं, त्यात एका शेवटच्या फेरीपुरतं द्रव्य उरलेलं. हजर तिघं: मी, म्हणजे धारवाडच्या एका प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ, कलघटगीची संशोधक विद्यार्थिनी, आणि काचसामान धुणारी अक्का.

विद्यार्थिनीचा अहवाल सोमवारी तिच्या मार्गदर्शक सरांना द्यायचा होता, आणि शिष्यवृत्ती वाढणं त्यावरच अवलंबून होतं. एका जनुकाचा चालू-बंद करणारा तुकडा, म्हणजे प्रमोटर, तिने काजव्याच्या प्रकाशाच्या जनुकापुढे जोडून पेशींत सोडला होता. प्रमोटर चालत असेल तर पेशी ल्युसिफरेज हे उजेड देणारं प्रथिन बनवतात आणि द्रव्य घातलं की प्रकाश देतात. सोबत एका समुद्री जिवाचं दुसरं ल्युसिफरेजही घातलेलं. ते सगळीकडे सारखंच चालतं, म्हणून काजव्याच्या आकड्याला त्याच्या आकड्याने भागलं की कुठल्या नमुन्यात किती पेशींनी डीएनए घेतला हा फरक निघून जातो. ताडून बघायला प्रमोटर नसलेला डीएनए, एक जोरकस प्रमोटर आणि काहीच न घातलेल्या पेशी, प्रत्येकी प्लेटचे तीन खळगे.

सकाळचा निकाल छान होता. प्रमोटर नसलेल्यापेक्षा जवळजवळ चौपट. ती आकडे वहीत उतरवत होती आणि मी मागून बघत होतो.

"तुझ्या प्रमोटरचे हे तीन परत वाच," मी म्हणालो.

"नऊ हजार चारशे. सात हजार शंभर. पाच हजार सहाशे."

"आणि दुसऱ्या ल्युसिफरेजचे?"

"तिन्ही चाळीस हजारांच्या आसपास. का हो अण्णा?"

"एकाच नळीतलं द्रावण तीन खळग्यांत घातलंस. मग पायऱ्या कशा उतरतायत?"

"तुम्ही घरी दुधाचा हिशोबही असाच बघता ना?" ती हसली. पण हसू टिकलं नाही. ते तिन्ही खळगे प्लेटवर पहिले होते, म्हणजे प्रकाश मोजणाऱ्या यंत्राने सगळ्यांत आधी वाचलेले.

मी अक्काकडे दुसरी प्लेट मागितली. आमच्याकडे पांढऱ्या प्लेटा टाकून देत नसत. धुऊन पुन्हा वापरत. अक्काने गच्चीवरून एक आणली, अजून गरम. तिच्यात पेशी नव्हत्या, द्रव्य नव्हतं, थेंबभर पाणीही नव्हतं. मी ती तशीच यंत्रात ठेवली आणि अंधाऱ्या खोलीचं दार लावलं.

पहिला खळगा: सात हजार नऊशे. दुसरा: सहा हजार दोनशे. तिसरा: चार हजार नऊशे.

रिकाम्या खळग्यांतून उजेड येत होता आणि आमच्यासमोर हळूहळू मावळत होता. मी झाकण उघडून वाकलो. डोळे सरावेपर्यंत थांबलो. काळोखाशिवाय काही दिसेना. जे यंत्राला दिसत होतं ते माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर होतं.

"धुतली होती मी," अक्का हळूच कन्नडमध्ये म्हणाली. "साबण लावून, तीनदा. त्यात कोण बसलंय?"

"वाळवलीस कुठे?"

"उन्हात. अजून कुठे? तुमच्या शर्टाशेजारी."

पांढरं प्लास्टिक ऊन पितं आणि अंधारात थोडा वेळ ते परत देतं. सकाळी प्लेट गच्चीवरून थेट खिडकीजवळच्या टेबलावर आली होती. पहिले तीन खळगे उन्हाचा उजेड दाखवत होते, प्रमोटरचा नव्हे. दहा मिनिटांनी तीच रिकामी प्लेट परत वाचली: एकशे ऐंशी. काहीतरी उठून निघून गेल्यासारखं वाटलं.

पेशी फोडून काढलेलं द्रावण फ्रीजरमध्ये शिल्लक होतं. मी जुन्या हुबळीला जाऊन जाड काळं कापड आणलं. रविवारी सकाळी प्लेट भरून ती त्यात गुंडाळून पंधरा मिनिटं अंधारात ठेवली. या वेळी खळग्यांची जागा उलटसुलट केली आणि सुरुवातीला रिकामे खळगे घेतले. जोरकस प्रमोटरचा आकडा खणखणीत आला, म्हणजे चाचणी ठीक. तिच्या प्रमोटरचा आला एक पूर्णांक एक दशांश पट, म्हणजे प्रमोटर नसलेल्याइतकाच.

तिने कागद माझ्याकडे सरकवला. "चौपट सरांना सांगून बसलेय मी."

"या पेशींत तो चालत नाही, एवढंच लिही. आणि कालची प्लेटही लिही."

"तीही?"

"तीच आधी."

तिने लिहिलं, दोन्ही आकड्यांसकट. शिष्यवृत्ती वाढली नाही. सरांनी दुसऱ्या पेशींत करून बघायला सहा महिन्यांची मुदत तेवढी दिली. त्यानंतर मी पुष्कळ रिकाम्या प्लेटा अंधारात वाचल्या. आकडा कितीही खाली आला तरी शून्य कधीच आला नाही.

कापड दीड मीटर, बेचाळीस रुपये. जुन्या हुबळीच्या दुकानदाराला मी खिशातून दिले.