गाभ्याबाहेरची ज्वारी

दुष्काळाच्या वर्षांत मी सरकारसाठी नळदुर्गच्या बाजारातले भाव टिपायचो. दुकान तेच, माल तोच, वार तोच. ज्वारी अन् रॉकेल दर खेपेला वर. साहेब म्हणायचे, आकडा परत तपासा. तपासून तपासून माझ्या चपला झिजल्या.

परवा बातम्यांत ऐकलं, अन्न अन् इंधन वगळून मोजलेली ‘गाभा महागाई’ स्थिर आहे. मी वैतागलो. बँकेतली सून म्हणाली, "मामा, ते भाव पावसावर अन् तेलावर लई हेलकावतात. महागाई रोखायला व्याजदर वाढवतात, पण त्यानं काय पाऊस पडत न्हाय. म्हणून टिकणारी महागाई कळायला ते बाजूला ठेवतात. एकूण महागाईत ते असतातच."

पटलं. पण मला सलूनवाला आठवला; त्याची कटिंग तर गाभ्यातच मोजतात. दुष्काळात त्यानं कटिंगचा भाव वाढवला, कारण विचारलं तर म्हणाला, "ज्वारी महागली." पुढं पाऊस झाला, ज्वारी उतरली, कटिंग तेवढीच राहिली. "आता कमी करा की," मी म्हणालो.

"ज्वारी परत चढणार न्हाय, असं लिहून द्या."

भाव लिहिणं हेच माझं काम होतं. तेवढं मात्र मला लिहून देता आलं नाही.